मनगटाच्या फोटोवरून मागवलेली बांगडी हातात का जात नाही?

सोन्याचांदीच्या पेढीवर बसून फोनवर येणाऱ्या ऑर्डरी घेणं हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळा निस्तरावी लागणारी तक्रार एकच: "मनगटाचा फोटो पाठवला होता, तरी माप चुकलं." बांगडी, पाटली, कडं, घड्याळ, वस्तू कोणतीही असो, चूक बहुतेक त्याच दोन-तीन जागी सापडते. त्या जागा कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या, ते इथे लिहितो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या आणि मग खर्चाच्या.

लक्षणं

पहिलं आणि सर्वाधिक आढळणारं: बांगडी चार बोटांवरून सरकते आणि अंगठ्याच्या बुडाशी अडकते. साबण लावूनही पुढे जात नाही, किंवा गेलीच तर हात लाल होतो आणि काढताना जीव जातो.

दुसरं याच्या उलट: बांगडी सहज जाते आणि हात वर केला की निम्म्या हातापर्यंत घसरते, भांडी घासताना खाली येऊन पंजाबाहेर निसटू पाहते.

तिसरं लक्षण लोकांना फार चक्रावून टाकतं. काचेची 2-6 व्यवस्थित बसते, पण त्याच मापाची रुंद पाटली जात नाही. मग "तुमचं माप खोटं" असा फोन येतो.

चौथं घड्याळाचं: पट्टा बरोबर बसतो, पण घड्याळाची वरची आणि खालची टोकं मनगटाच्या कडेबाहेर लोंबतात, किंवा चावीची खुंटी हाताच्या पाठीत रुतते.

यातलं कोणतं लक्षण तुमचं आहे ते आधी ठरवा, कारण पहिल्या तिघांचं मूळ पंजात असतं आणि चौथ्याचं मनगटात.

तपासणी पहिली: वस्तू अखंड आहे की उघडणारी?

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मा गोंधळ इथेच संपतो. अखंड बांगडी, मग ती काचेची असो, बिलवर असो वा पाटली, मनगटावर राहते खरी, पण मनगटापर्यंत पोचण्यासाठी तिला पंजा ओलांडावा लागतो. तिचं माप पंजा ठरवतो. पेचाचे तोडे, बिजागरीचं कडं, मागे फट असलेलं कडं आणि घड्याळ यांना पंजा ओलांडावा लागत नाही, त्यामुळे त्यांचं माप मनगटावरून ठरतं.

म्हणून अखंड बांगडीसाठी मनगटाचा कितीही स्वच्छ फोटो आला तरी त्यात हवी ती माहितीच नसते. बारीक मनगट आणि हाडापेराने मोठा पंजा असलेल्या बायका भरपूर आहेत. शेतात, स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काम केलेल्या हातांत हे जास्त दिसतं: मनगट काटकुळं, पण बोटांची मुळं आणि अंगठ्याचा सांधा रुंद. कासार चुडा भरताना मनगटाकडे फारसं बघतही नाही. तो पंजा हातात घेऊन दाबतो, अंगठा आत मुडपून बघतो, आणि हात मऊ आहे की कडक आहे ते सांगतो. फोटोत हा दाब कळायची सोयच नाही.

तपासणी दुसरी: घरातली एक बांगडी आणि पट्टी

जी बांगडी आज सहज हातात जाते आणि सहज निघते अशी एक शोधा. ती टेबलावर ठेवून आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत मिलिमीटर मोजा. बाहेरून मोजू नका. सोन्याच्या बांगडीचा काठ दोन मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजू मिळून चार मिलिमीटर वाढतात, आणि बांगडीच्या दोन लगतच्या मापांतला फरकच जेमतेम सव्वातीन मिलिमीटर असतो. म्हणजे बाहेरून मोजलं की एका मापाहून जास्त चूक झाली.

आता आकड्यांचं. 2-4 म्हणजे दोन इंच आणि चार आणे. जुना रुपया सोळा आण्यांचा, तसा इथे इंच सोळा भागांचा. म्हणून 2-4 म्हणजे सव्वादोन इंच, 57.2 मिलिमीटर. 2-2 म्हणजे 54, 2-6 म्हणजे 60.3, 2-8 म्हणजे अडीच इंच, 63.5, आणि 2-10 म्हणजे 66.7 मिलिमीटर. हा सगळा आतला व्यास.

ऑनलाइन दुकानांत हेच 2.4, 2.6 असं टिंब देऊन छापतात आणि मग घोळ होतो. ते दशांश चिन्ह समजून कोणी 2.4 इंचाचे मिलिमीटर काढले तर 61 येतात, जे 2-6 पेक्षाही मोठं आहे. आणि 2.10 हे 2.4 पेक्षा लहान वाटतं, प्रत्यक्षात ते तीन मापं मोठं आहे. तुमच्या ऑर्डरवर कोणता आकडा कसा लिहिला गेला ते एकदा बघून घ्या. कित्येकदा हाताचं माप बरोबर असतं आणि घोळ या टिंबात असतो.

पट्टी नसेल तर एटीएम कार्ड घ्या. त्याची आखूड बाजू 54 मिलिमीटर असते, म्हणजे जवळजवळ नेमकी 2-2. कार्डाची आखूड बाजू बांगडीच्या आत बरोबर मधोमध, व्यासावर आडवी बसली आणि दोन्हीकडे जागा उरली नाही तर बांगडी 2-2 आहे. दोन्हीकडे मिळून तीन-साडेतीन मिलिमीटर उरले तर 2-4.

तपासणी तिसरी: कागदाची पट्टी आणि मुडपलेला अंगठा

घरात बसणारी बांगडी नसेल, किंवा लग्नानंतर, बाळंतपणानंतर हात बदलला असेल, तर ही तपासणी करा. वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची लांब पट्टी कापा. दोरा नको, कारण तो ताणला जातो आणि अर्धा सेंटीमीटर सहज खातो.

बांगडी घालताना हात धरतो तसाच धरा: चारही बोटं जुळवून सरळ, अंगठा आत मुडपून करंगळीच्या बुडाकडे नेलेला. पट्टी बोटांच्या मुळांवरून आणि अंगठ्याच्या सांध्यावरून, म्हणजे पंजा सगळ्यात रुंद असेल तिथून गुंडाळा. घट्ट आवळू नका, फक्त टेकवा. जिथे टोक येईल तिथे खूण करा आणि सपाट करून मोजा.

त्या लांबीला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. पण भागाकार न करताही चालतं, कारण योगायोगाने हिशेब फार सोपा जमतो: 17 सेंटीमीटरला 2-2, 18 ला 2-4, 19 ला 2-6, 20 ला 2-8, 21 ला 2-10. एक सेंटीमीटर वाढला की एक माप वाढलं. ग्राहक फोनवर असतात तेव्हा मी हेच सांगतो आणि बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

माप दोन्ही हातांचं घ्या. ज्या हाताने काम करतो तो पंजा सहसा थोडा मोठा असतो, आणि एका जोडीत दोन मापं करून मिळतात हे लोकांना माहीत नसतं. वेळही संध्याकाळची धरा. थंडीत सकाळी घेतलेलं माप उन्हाळ्याच्या दुपारी आवळ होतं.

माप अध्येमध्ये आलं, समजा 18.5, तर हात आणि वस्तू दोन्ही बघा. मऊ हात आणि बारीक काचेची बांगडी असेल तर खालचं माप चालतं. कडक हात किंवा रुंद पाटली असेल तर वरचंच घ्या. तिसऱ्या लक्षणाचं उत्तरही इथेच आहे. बारीक बांगडी तिरकी करता येते: आधी अंगठ्याचा सांधा पार होतो, मग करंगळीकडची बाजू. रुंद पाटली तिरकी होत नाही, तिला दोन्ही उंचवटे एकदम ओलांडावे लागतात. त्यामुळे एकाच हाताला काचेची 2-6 आणि पाटली 2-8 लागते, आणि त्यात माप खोटं काही नसतं. सोनाराकडे घडवून घेत असाल तर 2-7 सारखं मधलं मापही होतं. तयार काचेच्या बांगड्यांत मात्र ते क्वचित मिळतं.

तपासणी चौथी: फोटोच चुकलाय का?

फोटोचा खरा उपयोग उघडणारं कडं, तोडे आणि घड्याळासाठी. तिथेही माप चुकतं तेव्हा कारण बहुतेक एकच असतं: तुलनेसाठी ठेवलेलं एटीएम कार्ड टेबलावर आणि मनगट त्याच्यापेक्षा उंच.

टेबलावर कार्ड ठेवलं, शेजारी हात ठेवला, वरून फोटो काढला. कार्ड टेबलाला चिकटलेलं आहे, पण मनगटाची जी कड फोटोत दिसते ती टेबलापासून सुमारे दोन सेंटीमीटर वर आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या तेवढी जवळ. फोन टेबलापासून 30 सेंटीमीटरवर असेल तर मनगट 28 सेंटीमीटरवर आलं, आणि कार्डाच्या तुलनेत ते सात टक्के मोठं दिसतं. 54 मिलिमीटरचं मनगट 58 चं दिसतं.

उपाय साधा आहे. कार्डाखाली पुस्तक किंवा काड्यापेट्या ठेवून ते मनगटाच्या निम्म्या उंचीवर आणा. फोन हातभर लांब न्या आणि हवं तर झूम करा. लांबून काढलेल्या फोटोत हा फरक निम्म्यावर येतो. पुढचा कॅमेरा आणि रुंद दाखवणारी लेन्स वापरू नका. त्यात कडेची वस्तू ताणली जाते, म्हणून मनगट आणि कार्ड दोन्ही फोटोच्या मधल्या भागात ठेवा. फोन टेबलाला समांतर धरा. कार्डाचे चारही कोपरे काटकोनात दिसत असतील तर फोटो तिरका नाही, हे लगेच कळतं. आणि कार्डावरचे सगळे आकडे कागदाने झाकून ठेवा, ते कोणाला पाठवू नका. दहा रुपयांचं नाणंही चालतं, त्याचा व्यास 27 मिलिमीटर. पण वस्तू लहान असली की मोजण्यातली चूक मोठी होते, म्हणून मी कार्डच मागतो.

तपासणी पाचवी: दुसरा फोटो, बाजूने

वरून काढलेला फोटो फक्त रुंदी सांगतो. मनगट गोल नसतं, चपटं असतं, आणि किती चपटं ते प्रत्येकाचं वेगळं. 57 मिलिमीटर रुंदीची दोन मनगटं घ्या, एकाची जाडी 36 आणि दुसऱ्याची 44. पहिल्याचा घेर साधारण 14.7 सेंटीमीटर आणि दुसऱ्याचा 16. वरून दोन्ही फोटो सारखेच दिसतील, आणि कडं एकाला सैल, दुसऱ्याला आवळ होईल.

म्हणून हात कुशीवर, अंगठा वर करून दुसरा फोटो काढा. कार्डही तसंच निम्म्या उंचीवर. रुंदी आणि जाडीची बेरीज करून निम्मी करा, 3.14 ने गुणा, आणि वर एक-दोन मिलिमीटर धरा. घेराचा चांगला अंदाज मिळतो.

याच फोटोत करंगळीच्या बाजूचं उंच हाड नीट दिसतं. बिजागरीचं कडं त्या हाडावर बसणार असेल तर रुंदी हाडासकट मोजा. हाडाच्या मागे, कोपराच्या बाजूला बसणार असेल तर तिथे मोजा. दोन जागांत पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि कडं हाडाला टोचतंय ही तक्रार याच फरकातून येते.

एक प्रकरण पूर्ण मांडतो

एका मुलीला आईसाठी पाटल्या करायच्या होत्या. आई गावी, मुलगी परदेशात. आईच्या मनगटाचा वरून काढलेला फोटो आणि शेजारी टेबलावर कार्ड. मुलीने स्वतःच हिशेब केला होता: फोटोत कार्डाची लांब बाजू 600 पिक्सेल, मनगट 400 पिक्सेल. कार्ड 85.6 मिलिमीटर, म्हणून मनगट 57. कोष्टकात 57 समोर 2-4 दिसलं, आणि ऑर्डर 2-4 ची आली.

यात दोन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली उंचीची. फोन 30 सेंटीमीटरवर होता, म्हणून खरी रुंदी 57 ला 28 ने गुणून 30 ने भागल्यावर येते, सुमारे 53 मिलिमीटर. ही चूक दुरुस्त केली तर माप आणखी लहान होतं, 2-2 पेक्षाही थोडं कमी. दुसरी चूक मोठी: मनगटाची रुंदी आणि बांगडीचा व्यास यांचा थेट संबंधच नाही. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये आहेत आणि जवळपास आहेत, एवढाच तो भास.

बाजूचा फोटो मागवला, जाडी 39 आली. मनगटाचा घेर साडेचौदा सेंटीमीटरच्या थोडा वर. मग कागदाची पट्टी सांगितली. शेजारच्या सुनेने आईचा अंगठा मुडपून माप घेतलं: 19.6 सेंटीमीटर. व्यास 62.4, म्हणजे 2-6 आणि 2-8 च्या मध्ये. घरातली काचेची 2-6 साबण लावून जाते, असं आईने सांगितलं. त्यावरून पट्टीचं माप बरोबर आहे याची खात्री पटली. अंगठ्याचे सांधे कडक, पाटली रुंद, म्हणून 2-8 ठरलं. ऑर्डरपेक्षा दोन मापं मोठं. बारीक मनगटावर ती थोडी सैल राहणार हे आधीच सांगून टाकलं, कारण अशा हाताला दोन्ही सुखं मिळत नाहीत. सैल नकोच असेल तर पेचाची पाटली करावी लागते. तिचा खर्च वाढतो आणि पेच पुढे झिजतो, पण ती मनगटाच्या मापाने बसते.

घड्याळाबद्दल थोडक्यात

घड्याळ निवडताना लोक डायलचा व्यास बघतात. बघायची असते ती पट्टा अडकवायच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी. आणि मनगटावर मोजायचा असतो वरचा सपाट भाग, कडेची गोलाई सोडून. कानांची लांबी या सपाट भागापेक्षा थोडी कमी असावी. 53 मिलिमीटर रुंद मनगटाचा सपाट भाग 45 च्या आसपास असेल, तर 50 ची लांबी असलेलं घड्याळ डायल लहान असूनही बाहेर लोंबेल.

खुंटी रुतत असेल तर घड्याळ हाडाच्या पुढे, पंजाकडे बसलंय. ते हाडाच्या मागे घ्या आणि पट्टा तिथल्या घेराने निवडा. आणि घातलेलं घड्याळ मोठं दिसतंय का, हे जवळून काढलेल्या फोटोवरून ठरवू नका, कारण जवळचं घड्याळ मनगटापेक्षा फुगलेलं दिसतं. आरशासमोर उभं राहून बघा.

तपासणी सहावी: आधी स्वस्तात नमुना

सगळी मापं जुळूनही सोनं घडवण्याआधी मनात शंका असेल तर ठरलेल्या मापाचं साधं पितळी कडं किंवा धातूची बांगडी त्या हातात घालून बघा. ती होणाऱ्या पाटलीएवढी रुंद असावी. काचेची बारीक बांगडी ही चाचणी करत नाही, कारण वर सांगितलं.

साधी, नक्षी नसलेली सोन्याची बांगडी दांड्यावर चढवून थोडी वाढवता येते. मीना, खडे किंवा नाजूक नक्षी असेल तर तो मार्ग बंद. लहान करायची तर कापून पुन्हा झाळावी लागते. त्यामुळे नमुन्याचा खर्च वाचवणं इथे महागात पडतं.

कुठे थांबायचं

कागदी पट्टी दोनदा घेऊन दोन मापांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल, तर घरी आणखी मोजू नका. कासाराकडे किंवा सोनाराकडे जा. त्यांच्याकडे मापाची कडी असतात, पाच मिनिटांत निकाल लागतो. हात पूर्वी मोडलेला असेल, संधिवाताने बोटांची मुळं सुजलेली असतील, तर पहिल्यापासूनच तिथे जा आणि उघडणारी वस्तू करून घ्या. गरोदरपणात हात सुजलेले असताना अखंड सोन्याचं माप घेऊ नका. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूच्या हातात घट्ट काही घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि आवळ बांगडी हातात अडकलीच, तर ओढू नका. ओढलं की सूज वाढते. हात काही वेळ खांद्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, मग पंजावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावरून साबणाने बांगडी सरकवा. एवढ्याने निघाली नाही तर सोनाराकडून कापून घ्या, तो ती पुन्हा जोडून देतो. काचेची असेल तर घरी फोडायला जाऊ नका, कासाराकडे न्या. बोटं निळसर पडली, बधिर झाली किंवा ठणकायला लागली, तर दुकान शोधत न बसता थेट दवाखान्यात जा.